फ्लॉपी गेली, तिचा कोड राहिला



आपल्याकडच्या अनेक छापखान्यांत अजूनही जुनं मराठी डीटीपी सॉफ्टवेअर चालतं. ते विंडोज एक्सपीवरच चालतं, आणि एक्सपीच्या सुरक्षा दुरुस्त्या मायक्रोसॉफ्टने एप्रिल 2014 मध्ये थांबवल्या. मग जाणकार माणूस एक तोड काढतो. नव्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्ससारखं सॉफ्टवेअर घालायचं आणि त्याच्या आत एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी संगणक, तयार करून एक्सपी तिथे बसवायचं. आत काही बिघडलं तरी बाहेरचा यजमान संगणक सुरक्षित राहील, असा त्यामागचा विचार असतो. हा विचार कुठवर खरा ठरतो, ते आज पाहू.

आतल्या एक्सपीला वाटतं, आपल्याकडे नेटवर्क कार्ड आहे, साउंड कार्ड आहे, यूएसबी आहे. यातलं खरं काहीच नसतं. प्रत्येक उपकरणाची नक्कल करणारा एकेक प्रोग्रॅम यजमान संगणकावर चालू असतो. आतून जे लिहिलं जातं, ते तो वाचतो आणि खऱ्या उपकरणासारखं उत्तर देतो. त्या प्रोग्रॅममध्ये चूक असेल, तर आत शिरलेला हल्लेखोर मुद्दाम वेडावाकडा मजकूर लिहून त्याला फसवू शकतो. आणि तो प्रोग्रॅम बाहेर चालत असल्यामुळे हल्लेखोरही बाहेर येतो.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण मे 2015 मधलं आहे. क्राउडस्ट्राइक या कंपनीतले संशोधक जेसन गेफनर यांनी क्यूईएमयू या सॉफ्टवेअरमधला एक दोष उघड केला. त्याला ‘व्हेनम’ असं नाव पडलं. दोष होता फ्लॉपी डिस्कच्या कंट्रोलरमध्ये. आलेल्या आज्ञा साठवायला त्या कोडमध्ये 512 बाइटची जागा होती. एक आज्ञा पुरी झाली की मोजणी पुन्हा शून्यावर यायला हवी. दोन आज्ञांच्या बाबतीत ती नीट येत नव्हती. आतला प्रोग्रॅम माहिती पाठवत राहिला, की ती 512 च्या पलीकडे सांडायची आणि शेजारच्या स्मृतीवर लिहिली जायची. हा कोड 2004 पासून तिथेच होता, आणि तोच कोड वापरणाऱ्या झेन, केव्हीएम व व्हर्च्युअलबॉक्स या आभासी संगणक चालवणाऱ्या तिन्ही सॉफ्टवेअरना हा दोष बाधत होता. फ्लॉपी कोणी वापरत नव्हतं, म्हणून त्या कोडकडे कोणी वळूनही पाहत नव्हतं.

तेव्हा पहिलं काम उपकरणं कमी करण्याचं. मशीन पूर्ण बंद करा. ‘सेव्ह स्टेट’ करून ठेवलेलं मशीन बंद धरलं जात नाही, त्याच्या बहुतेक सेटिंग्ज बदलताच येत नाहीत. मग सेटिंग्ज उघडून फ्लॉपी काढा, साउंड काढा, सिरियल पोर्ट काढा. छापखान्यातल्या एक्सपीला इंटरनेटची गरज नाही, तर नेटवर्क कार्डच काढून टाका. हे किती मोलाचं आहे, ते नोव्हेंबर 2018 मध्ये दिसलं. सर्गेई झेलेन्यूक या संशोधकाने व्हर्च्युअलबॉक्समधल्या नेहमीच्या इंटेल नेटवर्क कार्डाच्या नकलेतून यजमान संगणकावर येण्याची रीत सविस्तर प्रसिद्ध केली. दुरुस्ती निघण्यापूर्वीच ती सगळ्यांच्या हाती पडली. त्या दिवसांत कार्डाचा प्रकार बदलणं हाच मुख्य उपाय होता.

यूएसबीचं मात्र सोपं नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये अनेकदा आतला माउस ‘यूएसबी टॅब्लेट’ म्हणून जोडलेला असतो. तो तसाच ठेवून तुम्ही यूएसबी बंद केलंत, तर सेटिंग्जची खिडकी एक सूचना दाखवते आणि ओके म्हणताच यूएसबी पुन्हा चालू करते. आपण बंद केलं अशी आपली समजूत, आणि ते चालूच. म्हणून आधी माउसचा प्रकार ‘पीएस टू’ करायचा, मग यूएसबी काढायचं, आणि खिडकी पुन्हा उघडून खात्री करायची.

पण छापखान्याची खरी अडचण असते डोंगलची. जुनं डीटीपी सॉफ्टवेअर यूएसबीत खोचलेल्या डोंगलशिवाय उघडतच नाही. तिथे यूएसबी ठेवावंच लागतं. मग निदान जुना, साधा 1.1 चा कंट्रोलर निवडा. डोंगलला तो बहुधा पुरतो. आणि यूएसबी फिल्टर लावताना तो त्या डोंगलच्याच उत्पादक क्रमांकाचा आणि उत्पादन क्रमांकाचा लावा. रिकामा फिल्टर टाकलात, तर गिऱ्हाइकाने आणलेला प्रत्येक पेनड्राइव्ह यजमानाला ओलांडून थेट एक्सपीत जाऊन बसेल.

आता क्लिपबोर्ड. बाहेर कॉपी केलेला मजकूर आत पेस्ट करता यावा, म्हणून लोक ‘शेअर्ड क्लिपबोर्ड’ दोन्ही बाजूंनी उघडा ठेवतात. त्यामुळे बाहेर तुम्ही बँकेचा पासवर्ड कॉपी केलात, तर आत चालणाऱ्या कुठल्याही प्रोग्रॅमला तो वाचता येतो. कोणी पेस्ट करण्याची वाट पाहावी लागत नाही. इथे बरेच जण एक चुकीचा तोडगा काढतात. ‘होस्ट टू गेस्ट’, म्हणजे फक्त बाहेरून आत, असा पर्याय निवडला की आपण सुरक्षित, असं त्यांना वाटतं. पासवर्ड झिरपतो तो नेमका याच दिशेने. उलट दिशा उघडी ठेवली, तर बाहेरचं गुपित आत जात नाही. पण आतल्या प्रोग्रॅमने क्लिपबोर्डवर ठेवलेलं काहीतरी तुम्ही नकळत बाहेर पेस्ट करू शकता. माझं मत स्पष्ट आहे: क्लिपबोर्ड बंद, ड्रॅग अँड ड्रॉपही बंद. गरज पडली तर मशीन चालू असताना ‘डिव्हाइसेस’ मेनूतून क्षणभर उघडा आणि काम होताच मिटा. फायलींसाठी एकच शेअर्ड फोल्डर ठेवा, त्यात फक्त चालू काम असू द्या. पूर्ण डी ड्राइव्ह आत दाखवणारी मशीनं मी पाहिली आहेत. तिथे आतल्या व्हायरसला भिंत ओलांडायची गरजच उरत नाही.

एवढं करूनही काही कोड असा राहतो, जो काढता येत नाही. व्हेनमच्या वेळी हेच घडलं होतं. झेन आणि क्यूईएमयूमध्ये फ्लॉपी बंद केल्यावरही एका वेगळ्या चुकीमुळे कंट्रोलरचा सदोष कोड जागाच राहत होता. व्हीएमवेअर या अशाच सॉफ्टवेअरच्या कंपनीची दोन उदाहरणं शेजारी ठेवून पाहा. मार्च 2024 मध्ये त्यांच्या यूएसबी कंट्रोलरमध्ये गंभीर दोष सापडले, तेव्हा मशीनमधून यूएसबी काढणं हा तात्पुरता उपाय कंपनीने स्वतः सांगितला. ज्यांनी ते आधीच काढलं होतं, त्यांना उसंत मिळाली. मार्च 2025 मधल्या दोषांतला एक मात्र आतल्या-बाहेरच्या संवादाच्या मूळ यंत्रणेतच होता, आणि तो प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरलाही जात होता. त्याला तात्पुरता उपाय नव्हताच. दुरुस्त आवृत्ती घालणं, एवढंच हाती होतं.

म्हणून यजमान संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम आणि व्हर्च्युअलबॉक्स, दोन्ही अद्ययावत हवीत. विंडोजचा अपडेट आला म्हणून व्हर्च्युअलबॉक्सचा येत नाही. तो वेगळा उतरवून घ्यावा लागतो. व्हर्च्युअलबॉक्स बनवणारी ओरॅकल आपल्या सुरक्षा दुरुस्त्या जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या तिसऱ्या मंगळवारी काढते. त्या आठवड्यात एक संध्याकाळ यासाठी ठेवा. एक्सपी शटडाउन करा, मशीनच्या फोल्डरची प्रत घ्या, नवी आवृत्ती घाला. एक्स्टेन्शन पॅक बसवलेला असेल, तर तोही त्याच क्रमांकाचा घाला. मग मशीन सुरू करून, डोंगल ओळखला जातो का आणि एक पान पीडीएफ होतं का, ते बघा. शेवटी मशीनच्या फोल्डरमधल्या ‘लॉग्ज’ या उपफोल्डरातली VBox.log ही फाइल उघडा. मशीन प्रत्यक्षात कुठल्या आवृत्तीवर चाललं, ते तिच्या पहिल्याच ओळीत लिहिलेलं असतं.