समाधानी गिऱ्हाइकाची हकीकत



आमचा धंदा कारखान्यांतील दाबाच्या हवेच्या नळ्या दुरुस्त करण्याचा. गळक्या सांध्यांतून हवा निसटते आणि कॉम्प्रेसर उगाच वीज खात राहतो. आमचे एक गिऱ्हाईक, कोल्हापूरकडील एक ओतशाळा, कामावर खूष झाले, तेव्हा त्यांची हकीकत छापून दुसऱ्या गिऱ्हाइकांपुढे ठेवावी असे आम्ही ठरविले. यालाच हल्ली ‘केस स्टडी’ म्हणतात.

पहिल्या मसुद्यात आम्ही मोठ्या दिमाखाने लिहिले, ‘विजेचा खप एक तृतीयांशाने घटला!’ मीटरवर महिन्याला ९००० युनिटांचे ६००० झाले होते. आकडा खोटा नव्हता. परंतु एका नव्या कारखानदाराने तो कागद वाचून एवढेच विचारले, “त्या महिन्यात माल किती ओतला?” आम्ही निरुत्तर झालो. चौकशी केली, तो आधी ६० टन माल निघत होता आणि नंतर मागणी मंदावून ५० टनच. म्हणजे टनामागे १५० युनिटांचे १२० झाले. खरी बचत एक पंचमांशाची. तो सौदा अर्थातच गेला!

तेव्हापासून आम्ही हकीकतीची तयारी कामानंतर नव्हे, कामाआधीच करतो. कारण ‘पूर्वीची’ स्थिती मागाहून मोजता येत नाही. सुटीच्या दिवशी सगळी यंत्रे बंद ठेवून कॉम्प्रेसर तेवढा चालू करावयाचा आणि घड्याळ लावून बसावयाचे. त्या ओतशाळेत सुदैवाने फोरमनने ही नोंद करून ठेवली होती: दहा मिनिटांपैकी तीन मिनिटे यंत्र हवा भरीत होते, आणि ती वापरणारे कोणीच नव्हते! दुरुस्तीनंतर एक मिनिट. माल कमी निघो वा जास्त, या आकड्याला त्याची बाधा नाही.

मग आम्ही कागद नव्याने लिहिला. फोरमन आधी आमच्या विरुद्ध होते. पहिल्याच आठवड्यात आमचा एक सांधा सुटला, ही त्यांची तक्रार आम्ही त्यांच्याच शब्दांत ठेवली. मालकांनी मसुदा वाचून नाव छापण्यास लेखी संमती दिली; परंतु किती टन माल निघतो हे प्रतिस्पर्ध्यांना कळू नये म्हणून तो आकडा गाळावयास लावला. आम्ही टनामागचे युनिट तेवढे ठेवले.

हा दुसरा कागद घेऊन आम्ही त्याच चिकित्सक कारखानदाराकडे गेलो. सांधा सुटल्याचे वाचून ते हसले. ‘दुरुस्तीला किती दिवस लागले?’ म्हणाले. मग जेवणाच्या सुटीत, यंत्रे थांबताच, स्वतःच मनगटावरचे घड्याळ काढून आपल्या कॉम्प्रेसरपाशी उभे राहिले. त्यांच्याकडे दहापैकी चार मिनिटे निघाली.