शेंगाचटणीचा परदेशप्रवास



आपल्या सोलापुरातून परगावी निघालेल्या माणसाच्या पिशवीत शेंगाचटणीची पुडी नाही, असे सहसा घडत नाही. पोरगा अमेरिकेत गेला तरी आई त्याला पार्सल धाडतेच. मग शेजारच्या बिऱ्हाडातला कोणी ती चटणी चाखतो आणि विचारतो, "पैसे देतो, मलाही मिळेल का?" त्या एका प्रश्नाबरोबर आईची भेट संपते आणि व्यापार सुरू होतो. वस्तू तीच, हातही तेच. पण कायद्याच्या दृष्टीने तो निराळाच माल झालेला असतो. आज मला बोलायचे आहे ते या फरकाविषयी.

अमेरिकेचा नियम पाहा. घरी केलेला पदार्थ करणाऱ्यानेच आपल्या माणसाला भेट म्हणून पाठवला, तर त्याची आगाऊ सूचना तेथील अन्न खात्याला द्यावी लागत नाही. विक्रीच्या पदार्थाची मात्र द्यावी लागते, आणि टपालाने पाठवताना त्या सूचनेचा पोचक्रमांक पार्सलाबरोबर असावा लागतो. यातून पळवाट म्हणून काही जण विकलेल्या मालावरही 'भेट' असे लिहितात आणि किंमत नाममात्र दाखवतात. हे जकात अधिकाऱ्यासमोर केलेले खोटे निवेदन होय. एकाच घरातून दर महिन्याला निरनिराळ्या नावांनी भेटी निघू लागल्या, तर संशय यायला पंचांगाची गरज लागत नाही. शिवाय पार्सल हरवले तर भरपाई मागायची कशाच्या आधारावर? किंमत आपणच शंभर रुपये लिहिलेली असते!

सरळ वाटेची कागदपत्रे वाटतात तितकी अवघड नाहीत. पहिला आयात-निर्यात क्रमांक. तो विदेश व्यापार महासंचालनालयाकडून मिळतो, शुल्क पाचशे रुपये, आणि आता तो आपल्या पॅन क्रमांकाशीच जोडलेला असतो. दर वर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातील माहिती पुन्हा पक्की करावी लागते. हे विसरले की क्रमांक निष्क्रिय होतो आणि नेमके दिवाळीच्या तोंडावर ते ध्यानात येते. दुसरा अन्नपदार्थांचा परवाना. गावात विकण्यापुरती छोटी नोंदणी निर्यातीला चालत नाही, केंद्रीय परवाना लागतो. तिसरे, टपालाचे निर्यातपत्र आणि जकातीचे निवेदन. २०२२ पासून टपाल खात्याने डाकघर निर्यात केंद्रे उघडली आहेत, तेथे हे निर्यातपत्र संगणकावर भरता येते.

निवेदनात "खाद्यपदार्थ" एवढेच लिहू नये. "भाजलेल्या शेंगदाण्याची कोरडी चटणी, शेंगदाणे, लसूण, मिरची, मीठ, जिरे" असे लिहावे, वजन, खरी किंमत आणि मालाचा वर्गीकरण क्रमांक द्यावा. तयार शेंगदाण्याचे शीर्षक २००८ आहे, मिश्र मसाल्याचे २१०३. आपली चटणी कोठे बसते हे प्रमाणावर ठरते, म्हणून एकदा जाणकाराला विचारून घ्यावे आणि पुढे तेच कायम ठेवावे. वेष्टनावर शेंगदाण्याचा उल्लेख ठळक हवा. काही माणसांना एका दाण्यानेही जिवावर बेतते.

आता खऱ्या अडचणीकडे येतो. ती कागदात नाही, दाण्यात आहे. १९६० साली इंग्लंडात लाखभराहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. शोध घेता त्यांच्या खाद्यातील ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत एका बुरशीचे विष सापडले. त्याला पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. ओल्या जागी साठवलेल्या शेंगांत ती बुरशी वाढते. विष डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही, आणि भाजल्याने पुरते जात नाही. अमेरिकेची मर्यादा एक अब्ज भागांत वीस भाग आहे. युरोपीय संघात थेट खाण्याच्या शेंगदाण्याला ती चारच भाग आहे. शिवाय भारतीय शेंगदाण्याला तेथे विशेष तपासणीच्या यादीत घातलेले आहे. त्यामुळे जर्मनीतल्या दुकानदाराने मागणी केली, तर प्रयोगशाळेचा निकाल आणि सरकारी प्रमाणपत्र यांवाचून होकार देऊ नये.

हे विष सगळ्या पोत्यात सारखे पसरलेले नसते. हजारो दाण्यांत मोजकेच दाणे वाईट असतात. पण उखळात पडले की ते साऱ्या घाण्याला लागतात. म्हणून सुरकुतलेला, काळपट, फुटका, खवट दाणा कुटण्याआधी हाताने वेचून टाकणे हीच पहिली तपासणी. दुसरी प्रयोगशाळेची. तिला एका पुडीतली चमचाभर चटणी देऊन उपयोग नाही; घाण्याच्या अनेक ठिकाणांहून थोडी थोडी घेऊन, एकत्र कालवून द्यावी.

या तपासणीचा खर्च किमतीत कसा बसवायचा? एक हिशेब मांडतो. आकडे मी धरलेले आहेत, आपण आपले घालावेत. पाव किलोची पुडी: माल सत्तर रुपये, वेष्टन पंधरा, कुटणारीची मजुरी पंचवीस, एकूण ११०. ही मजुरी आपल्या बायका हिशेबात धरतच नाहीत, आणि धंदा तेथेच बुडतो. सोळा पुड्यांचे, म्हणजे चार किलोंचे पार्सल. खोके-भराव २४० रुपये, पुडीमागे १५. टपालखर्च ४,००० धरला तर पुडीमागे २५०. तपासणी ३,००० रुपयांची. ती फक्त या सोळा पुड्यांसाठी केली तर पुडीमागे १८८ रुपये पडतात. चाळीस किलोंचा एकच घाणा करून १६० पुड्यांवर वाटली तर १९! असे हे ३९४ झाले. फुटतूट, हरवणे यांचे २० आणि नफा ४० धरला की ४५४. पैसे येताना चार टक्के कापले जातात, म्हणून भाव ४७५ ठेवावा लागतो. ११० रुपयांच्या पुडीचा हा भाव ऐकून दचकू नका. यात निम्म्याहून अधिक वाटा प्रवासाचा आहे.

यात तिकडची जकात धरलेली नाही. आठशे डॉलरपर्यंतच्या मालाला अमेरिकेत असलेली माफी २९ ऑगस्ट २०२५ रोजी बंद झाली. त्या वेळी आपल्या टपाल खात्यानेही तिकडची बहुतेक पार्सले काही आठवडे थांबवली होती. ऑक्टोबरमध्ये सेवा पुन्हा सुरू झाली ती जकात येथेच आगाऊ भरण्याच्या सोयीसह. दर बदलत राहतात. म्हणून भाव सांगताना "जकात वेगळी, पार्सल टाकण्याच्या दिवशीच्या दराने" असे गिऱ्हाइकाला आधी लिहून कळवावे. दाराशी अनपेक्षित बिल आले की तो पार्सल नाकारतो, आणि परतीचा भुर्दंड आपल्यावर येतो.

मग एकटीने चाळीस किलोंचा घाणा करायचा कसा? याला उत्तर एकच दिसते. एका गल्लीतल्या पाच-सहा जणींनी दाणे एकत्र घ्यावेत, एकत्र निवडावेत, घाणा एक, तपासणी एक, परवाना एक. तसे जमले नाही, तर पार्सल जरूर पाठवावे. पण ते लेकराला, आणि त्यावर 'भेट' लिहावे ते खरेच भेट असेल तेव्हाच.