नावाची अक्षरं, सणाच्या ओळी

दिवाळीच्या शुभेच्छापत्रावर आपण बहुधा छापील मजकुराखाली सही करतो आणि मोकळे होतो. आज मी एका छोट्या कवितेविषयी बोलणार आहे. जिवलग मैत्रिणीच्या नावाचं एकेक अक्षर घ्यायचं आणि त्या अक्षराने एकेक ओळ सुरू करायची.

हा खेळ मराठीला नवा नाही. मोरोपंतांच्या मंत्ररामायणात ‘श्रीराम जय राम जय जय राम’ या तेरा अक्षरी मंत्राची अक्षरं गुंफलेली आहेत. पण पंतांची पंडिती आपल्याला नको. आपल्याला चार ओळी पुरतात.

माझ्या मैत्रिणीचं नाव सरोजिनी. स, रो, जि, नी. आपल्याकडे अक्षर काना-मात्रेसकट येतं, त्यामुळे दुसऱ्या ओळीला नुसता ‘र’ चालत नाही, ‘रो’च हवा. इथेच बहुतेक जण शब्दकोश उघडतात आणि कविता बिघडते. ‘स’ आला की ‘सदा सुखी’, ‘रो’ला ‘रोमरोमी आनंद’, ‘नी’ला ‘नीतिमान’. सगळे शब्द चांगले, पण त्यांत सरोजिनी कुठेच नाही. त्याच ओळी गावातल्या कुठल्याही सरोजिनीला देता येतील.

म्हणून अक्षरं थोडा वेळ बाजूला ठेवावीत आणि आधी त्या माणसाच्या पाच-सहा गोष्टी कागदावर उतरवाव्यात. सरोजिनी माझी भिंतीपलीकडची शेजारीण. तिची पहिली हाक भिंतीआडून येते. चहा ती बशीत ओतून पिते, तोही जिन्यावर बसून. आणि दिवाळीत तिच्या करंज्या फुटतात. सारण दाबून भरते आणि कडेला दुधाचं बोट नीट फिरवत नाही, मग तेलात कड सुटते नि सगळं खोबरं कढईभर होतं. त्या फुटक्या करंज्या माझ्या वाट्याच्या.

आता या यादीकडे अक्षरं घेऊन परत यावं. ‘जि’ला जिना आपणहून मिळाला. ‘रो’ला रोजची हाक. ‘नी’ थोडा अडला, कारण ‘नी’ने सुरू होणारे रोजचे शब्द थोडे. पण ‘नीट’ होता, आणि फुटक्या करंजीसमोर नीट करंजी उभी राहिली. ‘स’ला सण आहेच. चाल अष्टाक्षरी धरली, म्हणजे ओळीत आठ-आठ अक्षरांचे दोन भाग. बोटांवर मोजता येतात. ऐका:

सण आला, तेल तापे, पहाटेच जाग आली;
रोजचीच हाक तुझी भिंतीआडून निघाली.
जिन्यावर बसू दोघी, चहा ओतू या बशीत,
नीट करंज्या पाहुण्यां, फुटकी माझ्या मुठीत.

रेडिओवर ओळींची सुरुवात डोळ्यांना दिसत नाही, म्हणून प्रत्येक ओळीआधी मी जरा थांबले. पण नाव लक्षात आलं नाही तरी चार ओळी आपल्या पायावर उभ्या राहायला हव्यात. हीच त्यांची परीक्षा. नाव झाकून वाचलं आणि एखादी ओळ नुसती अक्षरासाठी आली आहे असं वाटलं, तर ती बदलावी.

काही नावं हट्टी असतात. ‘कमळ’ घ्या. मराठीत ‘ळ’ने शब्द सुरू होत नाही, ‘ण’नेही नाही. मग त्या अक्षराची ओळ त्या अक्षराने संपवावी. दिवाळीत तर ‘ळ’साठी ‘फराळ’ आहे आणि ‘ण’साठी ‘अंगण’. फक्त ते अक्षर कागदावर थोडं ठळक काढावं, नाहीतर वाचणारी ओळीच्या सुरुवातीलाच शोधत बसेल. ‘प्रज्ञा’सारख्या नावात ‘ज्ञा’ला ‘ज्ञान’ सोडून फारसं काही मिळत नाही आणि ओळ लगेच उपदेश करू लागते. तिथे सरळ घरातलं हाकेचं नाव घ्यावं. पमी असेल तर प आणि मी, दोन ओळी झाल्या. मैत्रिणीला त्याच नावाची सवय असते. ऱ्हस्व-दीर्घाची मात्र फार ओढाताण नको. ‘नी’च्या जागी ‘निघाली’तला ‘नि’ आला तरी कान तक्रार करत नाही. ओळ खोटी झाली तर मात्र करतो.

तर या दिवाळीला एक नाव निवडा. आधी त्या माणसाच्या गोष्टी लिहा, अक्षरं मागाहून लावा. पत्र हाताने लिहा, सुरुवातीची अक्षरं एकाखाली एक येतील असं बघा, पण त्यांना लाल शाई लावू नका आणि ‘यात तुझं नाव आहे’ असंही सांगू नका. ते तिचं तिला सापडू द्या.