परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हातात : मेंढा (लेखा) ग्रामसभेचं मानपत्र

(बदलापूरच्या मेळाव्यात मानपत्र देण्याआधी संघटनेच्या वतीनं जे वाचलं, ते जसंच्या तसं इथं देत आहोत. ज्या वाड्यांची माणसं त्या दिवशी येऊ शकली नाहीत, त्यांनी वाडीच्या बैठकीत ते मोठ्यानं वाचावं.)

 

मानपत्र द्यायचं म्हणजे दोन गोष्टी सांगायच्या. समोरच्यानं नेमकं काय केलं आणि ते आपल्याला का महत्त्वाचं वाटतं. गोड शब्द थोडे आणि काम नीट, असं आम्ही ठरवलं आहे. चुकून जास्त बोललो तर पाहुण्यांनी थांबवावं.

मेंढा हे गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं गोंड आदिवासींचं छोटं गाव. लेखा ग्रामपंचायतीत यायचं म्हणून सगळे मेंढा (लेखा) म्हणतात. आपण राज्याच्या या टोकाला, ते त्या टोकाला. आपल्याकडं बारवीचं पाणी, एमआयडीसीचा धूर आणि रोज वर सरकणाऱ्या इमारती. त्यांच्याकडं गावाला लागून जंगल. पण प्रश्न एकच आहे : जंगल राखतो आपण, त्यातलं काय बाजारात जायचं आणि कोणाच्या सहीनं, हे ठरवणार कोण?

मेंढ्यानं हा प्रश्न कायदा आल्यावर विचारायला सुरुवात केली नाही. घरच्या वापराचं लाकूड, गवत, बांबू घ्यायचा हक्क, ज्याला तिकडं निस्तार म्हणतात, तो टिकवण्यासाठी गाव कितीतरी आधीपासून भांडत होतं. त्यांच्या जंगलातला बांबू कागद कारखान्याला जायचा, त्यालाही गावानं विरोध केला. या सगळ्यात त्यांनी एक पद्धत धरली, ती आजही सोडलेली नाही. गावाचा निर्णय सर्वसहमतीनं होतो. मतदान घेऊन निम्म्यांनी निम्म्यांना हरवायचं नाही. ज्याला पटलं नाही त्याचं ऐकायचं, पुन्हा बसायचं. आणि निर्णयाआधी अभ्यासगट बसतो, त्यात विषय समजून घेतात, कागद वाचतात, बाहेरच्या जाणत्या माणसालाही विचारतात. निर्णय मात्र गावच घेतं. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा आपल्याही मोर्चात आपण दिलेली आहे. ती घोषणा कुठून आली ते आज समोर बसलं आहे.

वनहक्क कायदा 2006 साली झाला आणि 2008 च्या सुरुवातीला त्याचे नियम आले. आपल्याकडं बहुतेकांनी काय केलं? ज्याच्या त्याच्या दळीचा, प्लॉटचा दावा भरला. ते बरोबरच होतं, पोटाचा प्रश्न होता. मेंढ्यानं गावाच्या सगळ्या जंगलाचा सामूहिक दावा केला. 2009 साली सुमारे 1800 हेक्टर जंगलावर मेंढा ग्रामसभेचा हक्क मान्य झाला. देशात सामूहिक वनहक्क पहिल्यांदा मिळाला तो त्यांना आणि शेजारच्या मर्दा गावाला.

इथं गोष्ट संपली असती तर आम्ही पाहुण्यांना इतक्या लांब बोलावलं नसतं. खरं काम त्यानंतर झालं, आणि आजचं मानपत्र त्या कामाचं आहे.

हक्काचा कागद हातात आल्यावर ग्रामसभेनं स्वतःचा बांबू तोडून विकायचं ठरवलं. तोडीचं शास्त्र जंगलातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. पावसाळ्यात कोंब फुटतात तेव्हा बेटाला हात लावायचा नाही. कोवळा कळक ठेवायचा, जून काढायचा, आणि पहिल्या पेऱ्याच्या वर कापायचा म्हणजे बेट जगतं. अडचण तोडीत नव्हती, अडचण रस्त्यावर होती.

जंगलातला माल गाडीत घालून न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो, त्याला सगळे टीपी म्हणतात. माल कुठला, किती, कोणत्या गाडीत, कुठं चालला आणि परवाना कोणत्या तारखेपर्यंत चालेल, हे त्यावर लिहिलेलं असतं. नाक्यावर तो दाखवला नाही तर गाडी अडते, माल जप्त होतो. म्हणून परवान्याशिवाय व्यापारी मालाला हात लावत नाही. लावलाच तर चोरीच्या मालाचा भाव देतो. आता बघा, बांबूचे मालक तुम्ही, पण परवाना-पुस्तक दुसऱ्याच्या खिशात. मग मालकी कोणाची झाली?

वनखात्याचं म्हणणं होतं की 1927 च्या वन कायद्यात बांबू झाडात मोडतो, म्हणून तो गावाला विकता येणार नाही. मेंढ्याचं म्हणणं साधं होतं. वनहक्क कायद्याच्या कलम 2 मध्ये गौण वनउपज म्हणजे काय ते लिहिलं आहे, आणि त्यात बांबूचं नाव आहे. कलम 3 मध्ये गौण वनउपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा मालकी हक्क दिला आहे. दोन ओळींचा मुद्दा. पण तो मुद्दा धरून ठेवायला गाव एक राहावं लागलं, कारण बांबू उभा होता, मजुरीची गरज होती, आणि "चार पैसे घ्या, वाद सोडा" असं कोणालाही वाटू शकलं असतं.

मार्च 2011 मध्ये केंद्राच्या पर्यावरण व वन मंत्रालयानं सगळ्या मुख्यमंत्र्यांना लिहिलं की बांबू गौण वनउपज समजावा. आणि 27 एप्रिल 2011 ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हवाली केलं. गावाच्या वतीनं ते देवाजी तोफा यांनी घेतलं. गाव मंत्रालयात गेलं नाही, पुस्तक गावात आलं, हे लक्षात ठेवा.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 2012 मध्ये, वनहक्काचे नियम दुरुस्त झाले. आता गौण वनउपजेचा वाहतूक परवाना ग्रामसभेनं नेमलेली समिती किंवा ग्रामसभेनं अधिकार दिलेला माणूस देऊ शकतो, असं नियमातच आहे. म्हणजे मेंढ्यानं जे भांडून घेतलं, ते आज आपल्या वाडीलाही मागता येतं.

आता आपल्याकडं या. अंबरनाथ तालुका अनुसूचित क्षेत्रात नाही, म्हणून पेसा आपल्याला नाही. पण वनहक्क कायदा आपल्याला पुरा लागू आहे. आपले दावे ग्रामसभेतून उल्हासनगरच्या प्रांताकडं उपविभागीय समितीत जातात, तिथून ठाण्याला जिल्हास्तरीय समितीत. प्लॉटचा दावा नमुना 'अ' वर असतो. वनउपजेसारख्या सामूहिक हक्कांचा 'ब' वर, आणि जंगल राखण्याच्या, सांभाळण्याच्या हक्काचा 'क' वर. ज्या वाडीनं फक्त 'अ' भरला, तिच्या घरांची जमीन वाचेल, पण डोंगरावरचा कळक, मोह, हिरडा, मध यावर तिचा शब्द चालणार नाही. आज घरी गेल्यावर वाडीची फाईल उघडा आणि 'ब' आणि 'क' ची पोच आहे का ते बघा. पोच नसेल तर दावा नाही, असं समजा. ठराव घेताना ग्रामसभेत निम्मी माणसं हवीत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया हव्यात. नाहीतर तेवढ्या कारणावरून फाईल परत येते.

आणि पुस्तक हातात आलं की जबाबदारीही येते. साग-खैर या पुस्तकावर जात नाही, फक्त गौण वनउपज जाते. सही करून कोरा परवाना व्यापाऱ्याकडं कधी ठेवायचा नाही. गडबड झाली की नाही हे ओळखायची सोपी खूण आहे. समजा वाडीनं 1000 कळक मोजून ठेवले. पुस्तकातल्या स्थळप्रती बघितल्या तर 300, 300 आणि 250 चे तीन परवाने गेलेले. म्हणजे 850 गेले, 150 उरायला हवेत. ढिगात 90 च निघाले तर 60 कळक परवान्याशिवाय गेले. हा हिशोब दर बैठकीत सगळ्यांसमोर झाला पाहिजे, म्हणजे वनखात्याला बोट दाखवायला जागा राहत नाही आणि आपसांत संशयही राहत नाही.

आता मानपत्र वाचतो. सगळ्यांनी उभं राहावं.

"मेंढा (लेखा) ग्रामसभेस,

तुम्ही गावाचं जंगल गावानं सांभाळायचं ठरवलं आणि ते सर्वसहमतीनं ठरवलं. 2009 मध्ये तुमच्या जंगलावर तुमचा हक्क मान्य झाला. हक्काचा कागद मिळाल्यावर तुम्ही घरी बसला नाहीत. बांबू तुमचा असेल तर तो विकण्याची सहीही तुमची, हे तुम्ही कायद्याच्या दोन ओळी धरून शेवटपर्यंत सांगितलं, आणि 27 एप्रिल 2011 ला परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं.

हे काम एका पुढाऱ्याचं नाही, म्हणून हे मानपत्र एका नावानं नाही. जी बाई मजुरी बुडवून बैठकीला बसली, ज्या म्हाताऱ्यानं जंगलाची शीव दाखवली, ज्या पोरानं कायदा वाचून दाखवला, आणि ज्याला पटत नव्हतं म्हणून ज्यानं गावाला पुन्हा विचार करायला लावलं, त्या सगळ्यांचं हे आहे.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर भागातल्या वाड्या तुमच्या ऋणात आहेत. हे ऋण आम्ही आमचे 'ब' आणि 'क' चे दावे भरून फेडू."

मानपत्रासोबत आम्ही एक कोयता देतो आहोत. तोडीला लागेल. आता वाड्यांच्या वतीनं आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजी हे पाहुण्यांच्या हाती देतील.

मेंढा ग्रामसभा जिंदाबाद! आमच्या गावात आम्हीच सरकार!