प्रोजेस्टेरॉनची तपासणी नेमकी कधी?

समजा, नालासोपाऱ्यातल्या एका स्त्रीची पाळी 35 दिवसांनी येते. मूल हवंय, म्हणून तिनं एकविसाव्या दिवशी रक्त दिलं. प्रोजेस्टेरॉन आलं 0.8. ‘बीज सुटतच नाही,’ म्हणून घर हिरमुसलं. पण घाई झाली होती.

स्त्रीबीज बाहेर पडलं की अंडाशयातल्या रिकाम्या पुटिकेचं पीतपिंड बनतं आणि ते प्रोजेस्टेरॉन तयार करू लागतं. साधारण सात दिवसांनी पातळी सर्वांत वर असते. बीज सुटतं पुढच्या पाळीच्या सुमारे 14 दिवस आधी. म्हणजे हिच्या बाबतीत एकविसाव्याच दिवशी! रक्त द्यायला हवं होतं अठ्ठाविसाव्या दिवशी. पुढच्या महिन्यात तसं केलं, आकडा आला 11.

मिलिलिटरला 3 नॅनोग्रॅमच्या वर गेलं की बीज सुटलं असं धरतात. काही डॉक्टर 10 चा निकष लावतात. मात्र हे संप्रेरक लाटांनी स्रवतं, तासा-दोन तासांतही आकडा बराच हलतो. त्यामुळे 11 पेक्षा 18 चांगलं, असं नसतं. गर्भनलिका मोकळ्या आहेत का, शुक्राणू कसे आहेत, हेही यातून कळत नाही.

आकडा कमी आला, तर आधी पाळीची तारीख बघावी. रक्त दिल्यावर ती दोन आठवड्यांनी आली असेल, तर बहुधा तपासणीचा दिवसच चुकला होता.