पाळीचे काम आणि मोडणारी सेवा
(डमडम येथील कामगार मेळाव्यातील भाषण)



मुंबई-पुण्याकडून येऊन डमडम विमानतळावर आणि आसपासच्या हॉटेलांत कामाला लागलेली आपली बरीच मुले इथे बसली आहेत. त्यांच्याशी मी फक्त तारखांविषयी बोलणार आहे.

पहाटे पाचचे विमान असले की सामान चढवणारा तीनला हजर हवा. हॉटेलात तुटक पाळी : दुपारचे जेवण वाढून तीनला सुट्टी, पुन्हा सातला हजेरी. मधले चार तास ना घरचे, ना पगाराचे. विशीत हे निभते. लग्न झाले, मूल झाले की निभत नाही. त्यात सुरुवातीचा पगार तुटपुंजा, म्हणून हजार रुपये जास्त मिळाले की माणूस तीन-चार वर्षांत दुसरीकडे जातो. त्याला दोष कोण देणार? पण जाताना काय सुटते ते पाहा.

समजा, मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 13,000 रुपये आहेत. ग्रॅच्युइटीचा हिशेब म्हणजे या रकमेला 26 ने भागून 15 ने गुणायचे. दर वर्षाचे 7,500 झाले. पाच वर्षांचे 37,500. कायम कामगाराने चौथ्या वर्षी राजीनामा दिला तर साधारणपणे शून्य. मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्याला मात्र 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या संहितेप्रमाणे एका वर्षानंतरही हक्क आहे. म्हणून नेमणूकपत्रात काय लिहिले आहे ते आधी वाचा.

काही जण तर नोकरी न सोडताच सेवा गमावतात. कंत्राटदार बदलतो, माणूस तोच, ट्रॉली तीच, पण कागदावर रुजू झाल्याची तारीख नवी. हे ओळखायचे कसे? प्रॉव्हिडंट फंडाच्या पासबुकात नवा मेंबर आयडी दिसला की समजा, मालक बदलला. त्याच दिवशी जुन्या कंत्राटदाराकडून सेवेचा दाखला घ्या. वाद लागला तर तोच पुरावा.

आता पेन्शन. फंडाच्या पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. वेगवेगळ्या मालकांकडची सेवा त्यात जोडली जाते, पण बदली करून घेतली तरच. आपली मुले नोकरी बदलली की फंड आणि पेन्शन दोन्ही उचलतात. बहिणीचे लग्न, खोलीची अनामत. पेन्शनचे पैसे उचलले की ती वर्षे पुसली जातात. 10-सी फॉर्मवर पैशांऐवजी योजना प्रमाणपत्र मागता येते, हे कंत्राटदार सांगत नाही. पेन्शन फार मोठी नाही : 15,000 पगारावर दहा वर्षांची महिना सुमारे 2,142 रुपये. पण पुढची वर्षे तिच्यातच मिळतात.

2020 मध्ये मार्चच्या अखेरीपासून देशांतर्गत विमाने थांबली, ती कोलकात्यात 28 मे रोजी सुरू झाली. त्या वेळी फंडातून तीन महिन्यांच्या पगारापर्यंत अग्रिम काढता येत होता. ज्यांनी आधीच्या नोकरीचा फंड राखला होता, त्यांच्याजवळ काढायला काही होते.

सभा संपल्यावर पासबुके घेऊन थांबा, रुजू झाल्याच्या तारखा एकत्र पाहू.