अंगठी परक्याची, गहाण मात्र पक्के

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



जे आपले नाही ते दुसऱ्याला देता येत नाही, हा कायद्यातला जुना नियम. चोराने तुमची पाटली सराफाकडे गहाण ठेवली, तर सराफाने कितीही प्रामाणिकपणे पैसे मोजलेले असोत, पाटली तुमचीच राहते. हे सांगितले की पक्षकारांना पटते. पण या नियमाला एक अपवाद आहे आणि तो सांगितला की तेच पक्षकार चिडतात. "वकीलसाहेब, वस्तू माझी, फसलो मी, आणि सोडवायचे पैसेही मीच भरायचे?" असे विचारतात. आज त्या अपवादाविषयी बोलतो.

गोष्ट लंडनमधली आहे. १५ एप्रिल १९१८ रोजी एक गृहस्थ जवाहिऱ्याच्या दुकानात आला. त्याने काही मोती आणि ४५० पौंडांची एक अंगठी पसंत केली, सगळ्याचा मिळून ३,००० पौंडांचा चेक लिहिला आणि 'मी सर जॉर्ज बुलो' असे सांगून पत्ता दिला. जवाहिऱ्याने नामावलीत पाहिले. त्या नावाचे प्रतिष्ठित गृहस्थ खरोखरच त्या पत्त्यावर राहत होते. "उद्या पत्नीचा वाढदिवस आहे, अंगठी तेवढी आजच नेतो," असे म्हणून तो अंगठी घेऊन गेला. चेक वटला नाही. तो माणूस नॉर्थ नावाचा भामटा होता. दरम्यान त्याने अंगठी एका पेढीवर गहाण ठेवून ३५० पौंड उचलले होते. पेढीला यातले काहीच ठाऊक नव्हते.

जवाहिऱ्याने पेढीवर दावा लावला आणि तो हरला. १९१९ साली न्यायमूर्ती हॉरिज यांनी कारण दिले ते असे. जवाहिऱ्याने समोर उभ्या असलेल्या माणसालाच अंगठी विकली होती. फसवणूक झाली म्हणून हा व्यवहार रद्द करण्याचा हक्क त्याला होता, पण तो रद्द होईपर्यंत व्यवहार जिवंत होता. आणि तो जिवंत असतानाच अंगठी गहाण पडली.

आपल्याकडे हेच तत्त्व १८७२ च्या करार कायद्यात आहे. १९३० साली त्यात कलम १७८-अ घालण्यात आले. त्यानुसार तीन गोष्टी जुळाव्या लागतात. गहाण ठेवणाऱ्याच्या हाती वस्तू फसवणूक, दडपण किंवा अशाच कारणाने रद्द करता येईल अशा कराराखाली आलेली असावी. गहाण पडते वेळी तो करार रद्द झालेला नसावा. आणि गहाण घेणाऱ्याने सद्भावाने, हक्कातला दोष ठाऊक नसताना पैसे दिलेले असावेत. चोराजवळ करारच नसतो, म्हणून तो पहिल्याच पायरीवर अडतो. एखाद्या नातलगाने लग्नासाठी हार सरळ मनाने मागून नेला आणि पुढे अडचणीत तो गहाण टाकला, तरी हे कलम सराफाच्या मदतीला येत नाही. हार नेताना फसवणूक नव्हती, म्हणजे रद्द करण्याजोगा करारही नव्हता.

आता सद्भाव. माणूस पावती दाखवू शकत नाही, नाव विचारले की अडखळतो, लाखाच्या वस्तूवर मिळेल ते घेऊन निघायची घाई करतो, आणि तरीही सराफ डोळे मिटून घेतो. अशा वेळी सद्भावाचा दावा कोर्टात टिकवणे अवघड जाते.

मालकाच्या हाती उरतो तो वेळ. चेक परत आला की 'चार दिवस वाट पाहू' म्हणू नये. व्यवहार रद्द केल्याचे खरेदीदाराला ताबडतोब लेखी कळवावे. भामटा परागंदा असेल तर? १९६० साली इंग्लंडमध्ये एका मोटारमालकाने चेक न वटल्याचे कळताच पोलिसांना आणि मोटारचालकांच्या संघटनेला कळवले. त्यानंतर ती मोटार पुढे विकली गेली. न्यायालयाने त्याचा व्यवहार त्या तक्रारीनेच रद्द झाला असे मानले. तो खटला विक्रीचा होता, आणि परदेशी निकाल आपल्या कोर्टावर बंधनकारक नसतो. पण धडा घेण्यासारखा आहे : तक्रार त्याच दिवशी करावी आणि तिच्यावरची तारीख-वेळ जपून ठेवावी.

शेवटी त्या चिडलेल्या पक्षकारांसाठी. पेढीचा हक्क पक्का ठरला, तरी तो गहाणापुरताच असतो. पेढी वस्तूची मालक होत नाही. तिचे मुद्दल, व्याज आणि रास्त खर्च चुकते केले की वस्तू सोडवता येते, आणि भरलेली रक्कम भामट्याकडून मागता येते. मिळणे कठीण, हे मीही जाणतो. पण दोन निरपराध माणसांपैकी एकाला ती झळ सोसावीच लागते, आणि ज्याने अनोळखी माणसाच्या चेकवर आपल्या हाताने वस्तू दिली, त्याने ती सोसावी असे कायदा म्हणतो.